दहा वर्षांपुढचा अंदाज काढण्याआधी: ट्रेंड डिटर्मिनिस्टिक की स्टोकॅस्टिक?

फेब्रुवारी २००९ मध्ये, अमेरिका मंदीच्या खोल खड्ड्यात असताना, ओबामा सरकारने अर्थसंकल्पासाठी खऱ्या जीडीपीच्या वाढीचा अंदाज जाहीर केला: २००९ मध्ये उणे १.२ टक्के, मग ३.२, ४.०, ४.६ आणि २०१३ मध्ये ४.२ टक्के. गुणाकार करून पाहिलात तर २००८ पेक्षा २०१३ चा जीडीपी १५.६ टक्क्यांनी मोठा असणार होता. मंदीनंतर अर्थव्यवस्था नेहमीपेक्षा जोरात धावेल आणि आपल्या जुन्या रेषेवर परत येईल, असं या आकड्यांमागचं गृहीतक. अर्थशास्त्रज्ञ ग्रेगरी मॅनक्यू यांनी नेमका यालाच आक्षेप घेतला: परत यायला अशी रेषाच नसेल तर? पॉल क्रुगमन यांनी उलट बाजू मांडली, की मंदी मागणी आटल्यामुळे आहे, कारखाने आणि माणसं रिकामी बसली आहेत, तेव्हा उसळी येणं स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात पाच वर्षांतली वाढ सहा टक्क्यांच्या आसपास राहिली.

हा वाद अर्थशास्त्राइतकाच काळमालिकेचा, म्हणजे टाइम सिरीजचा होता, आणि लांब पल्ल्याचा अंदाज काढणाऱ्या प्रत्येकाला तो आपल्या आकडेवारीपुरता सोडवावा लागतो. खाली तीच मालिका, अमेरिकेचा तिमाही खरा जीडीपी, घेऊन एकेक पायरी दाखवली आहे. अवजार म्हणून आर वापरलं आहे. पायथॉनमध्ये काम करत असाल तरी पायऱ्या याच.

आधी फरक नीट समजून घ्या

दोन्ही मॉडेलं चढता आलेखच देतात, म्हणून नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही. डिटर्मिनिस्टिक ट्रेंड असा:

```
y(t) = a + b*t + u(t)
```

इथे रेषा पक्की आहे. `u(t)` हे रेषेपासूनचं अंतर, आणि ते स्थिर स्वरूपाचं, म्हणजे आज कितीही वाढलं तरी कालांतराने शून्याकडे ओढलं जाणारं. एखादा धक्का बसला तर मालिका काही काळ रेषेखाली जाते आणि मग परतते.

स्टोकॅस्टिक ट्रेंड असा:

```
y(t) = y(t-1) + b + e(t)
```

याला ड्रिफ्टसह रँडम वॉक म्हणतात. `b` हा सरासरी वाढीचा वेग दोन्हीकडे सारखाच, पण इथे प्रत्येक तिमाही मागच्या तिमाहीच्या जागेवरून निघते. आजचा धक्का `e(t)` उद्याच्या पातळीत जमा होतो, परवाच्याही, आणि कायमचा तिथेच राहतो. जुन्या रेषेची या मालिकेला आठवण नसते. `y(t-1)` चा गुणक नेमका १ आहे, म्हणून अशा मालिकेत युनिट रूट आहे असं म्हणतात.

पायरी १: कागदावर हिशेब करून पाहा

सॉफ्टवेअर उघडण्याआधी पाच मिनिटं यासाठी द्या, कारण पुढचा सगळा मामला या एका तक्त्यात आहे. समजा तिमाही धक्क्यांचं प्रमाण विचलन १ टक्का आहे. १९४७ ते २००७ च्या अमेरिकी जीडीपीच्या तिमाही वाढीचं प्रमाण विचलन साधारण एवढंच आहे. डिटर्मिनिस्टिक मॉडेलमध्ये रेषेपासूनचं अंतर दर तिमाहीला मागच्या अंतराच्या ०.९ पट उरतं असं धरा. मग ९५ टक्क्यांचा अंदाज-पट्टा मधल्या आकड्याच्या दोन्ही बाजूंना इतका पसरतो:

| किती तिमाही पुढे | डिटर्मिनिस्टिक | स्टोकॅस्टिक |
|---|---|---|
| १ | ±२.० % | ±२.० % |
| ४ | ±३.४ % | ±३.९ % |
| १२ | ±४.३ % | ±६.८ % |
| ४० | ±४.५ % | ±१२.४ % |

एका तिमाहीसाठी दोन्ही मॉडेलं सारखीच आहेत. वर्षभरासाठीही फरक किरकोळ, कोणतंही घ्या. पण दहा वर्षांवर डिटर्मिनिस्टिक पट्टा साडेचार टक्क्यांवर थांबलेला असतो, कारण धक्के विरून जातात. स्टोकॅस्टिक पट्टा मात्र पल्ल्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात रुंदावतच जातो: पल्ला चौपट झाला की पट्टा दुप्पट.

आता मधला आकडा पाहा. अर्थव्यवस्था एकदम ४ टक्क्यांनी खाली आली असं समजा. (२००७ च्या शेवटापासून २००९ च्या मध्यापर्यंतची अमेरिकेची घसरण सुमारे एवढीच होती.) डिटर्मिनिस्टिक मॉडेल म्हणेल की वर्षभरानंतर जुन्या रेषेपासून २.६ टक्के तूट उरेल, तीन वर्षांनी १.१ टक्के आणि पाच वर्षांनी अर्धा टक्का. रँडम वॉक म्हणेल की वर्षाने ४, पाच वर्षांनी ४ आणि दहा वर्षांनीही ४. फेब्रुवारी २००९ चा सरकारी अंदाज पहिल्या प्रकारचा होता. मंदीनंतर वाढीचा वेग सरासरीच्या वर दाखवलेला दिसला की त्यामागे परतीची रेषा गृहीत धरली आहे हे ओळखावं, मग अहवालात तसं लिहिलेलं असो वा नसो.

पायरी २: मालिका घ्या, लॉग घ्या, आलेख काढा

```r
library(forecast)
d <- read.csv("https://fred.stlouisfed.org/graph/fredgraph.csv?id=GDPC1")
y <- ts(log(d$GDPC1), start = c(1947, 1), frequency = 4)
train <- window(y, end = c(2007, 4))
plot(train)
plot(diff(train))
```

सेंट लुईस फेडच्या संकेतस्थळावरची `GDPC1` ही महागाई वजा केलेली आणि हंगामी चढउतार काढलेली तिमाही मालिका आहे. हंगामी चढउतार न काढलेली मालिका घेतलीत तर पुढच्या सगळ्या चाचण्या वेगळ्या कराव्या लागतील. लॉग घेणं गरजेचं आहे, कारण अर्थव्यवस्था टक्क्यांनी वाढते. मूळ आकड्यांवर सरळ रेषा बसवली तर ती दोन्ही टोकांना मालिकेखाली आणि मध्ये मालिकेवर जाते, आणि तो बाक ट्रेंडचा गुण आहे असा गैरसमज होतो.

पायरी ३: सरळ रेषेच्या टी-मूल्यावर विश्वास ठेवू नका

नवखा माणूस इथेच हमखास फसतो. `lm(train ~ time(train))` चालवा. आर-वर्ग ०.९९ च्या घरात येईल, टी-मूल्य शेकड्यात जाईल आणि ट्रेंड डिटर्मिनिस्टिक असल्याचं जणू सिद्धच झालं असं वाटेल. तसं काहीही सिद्ध होत नाही. ज्याला ड्रिफ्टही नाही असा निव्वळ रँडम वॉक काळावर रिग्रेस केला तरी आर-वर्ग सरासरी ०.४४ च्या आसपास येतो, असं नेल्सन आणि कांग यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिलं. ज्या मालिकेत मुळात ट्रेंडच नाही तिची ही गत. टी-मूल्याचं नेहमीचं कोष्टक रेसिड्युअल एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असं धरून बनवलेलं असतं, आणि इथे ते एकाच बाजूला वर्षानुवर्षं राहतात.

खात्री करायची तर रेसिड्युअलचा आलेख काढा. शून्याभोवती भराभर वरखाली होण्याऐवजी ते दहा-पंधरा वर्षं वर आणि मग दहा-पंधरा वर्षं खाली असे दिसले, तर त्या टी-मूल्याला काडीची किंमत नाही. त्या लांब लाटांना व्यापारचक्र समजून त्यांचा अर्थ लावत बसू नका. रँडम वॉकमधून सरळ रेषा वजा केली की अशा लाटा आपोआप तयार होतात.

पायरी ४: चाचण्या दोन करा, आणि दोन्ही ट्रेंडसह करा

```r
library(urca)
summary(ur.df(train, type = "trend", lags = 8, selectlags = "AIC"))
summary(ur.kpss(train, type = "tau", lags = "long"))
```

पहिली एडीएफ, म्हणजे ऑगमेंटेड डिकी-फुलर चाचणी. तिचं शून्य गृहीतक युनिट रूट आहे असं. निकालात `Value of test-statistic is:` पुढे तीन आकडे छापले जातात, त्यांतला पहिला, म्हणजे `tau3` चा, पाहायचा. पाच टक्क्यांची सीमा उणे ३.४२ च्या जवळपास आहे. आकडा तिच्याही खाली, समजा उणे ४, असेल तरच युनिट रूट नाकारता येतो. नेहमीच्या टी-कोष्टकातली उणे १.६५ ही सीमा इथे लागू नाही.

दुसरी केपीएसएस. हिचं शून्य गृहीतक उलटं: मालिका रेषेभोवती स्थिर आहे. सीमा ०.१४६, आकडा त्यावर गेला तर डिटर्मिनिस्टिक ट्रेंड नाकारायचा.

`type = "trend"` आणि `type = "tau"` हे पर्याय विसरलात तर चाचणी वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देते. `type = "drift"` ठेवून चढत्या मालिकेवर एडीएफ चालवली, तर समोरचा पर्याय ‘मालिका एका पातळीभोवती स्थिर आहे’ असा होतो. चढत्या मालिकेला तो उघडच लागू नाही, म्हणून युनिट रूट नाकारला जात नाही, आणि तुम्ही आनंदाने रँडम वॉक घेता. निष्कर्ष कदाचित बरोबर असेल, पण तो चाचणीने दिलेला नसतो.

दोन्ही चाचण्यांचं एकमत झालं तर ठीक. झालं नाही तर आकडेवारीत तेवढी माहिती नाही असं समजा, आणि हे नेहमी होतं. रेषेपासूनचं अंतर दर तिमाहीला ०.९७ पट उरत असेल तर ते अर्ध्यावर यायला सुमारे २३ तिमाही, म्हणजे पावणेसहा वर्षं लागतात. गुणक ०.९९ असेल तर ६९ तिमाही. साठ वर्षांच्या आकडेवारीत ०.९७ आणि १ वेगळे ओळखणं एडीएफला फारसं जमत नाही. म्हणून ‘नाकारता आलं नाही’ याचा अर्थ ‘युनिट रूट आहे’ असा करू नका.

यात आणखी एक गुंता आहे. नेल्सन आणि प्लॉसर यांनी १९८२ मध्ये अमेरिकेच्या १४ वार्षिक मालिका तपासल्या, आणि बेरोजगारीचा दर सोडून बाकी १३ मध्ये युनिट रूट नाकारता आला नाही. त्यानंतर १९८९ मध्ये पेरॉन यांनी १९२९ ची महामंदी हा रेषेतला एक खंड, ब्रेक, म्हणून धरला आणि त्याच मालिका पुन्हा तपासल्या. आता बहुतेक मालिकांमध्ये युनिट रूट नाकारला गेला. म्हणजे मध्येच एकदा मोडलेली सरळ रेषा एडीएफला रँडम वॉकसारखी दिसते. त्यावर पुढे आक्षेप आला, तोही रास्त होता: ब्रेकचं वर्ष आलेख पाहून निवडलं तर सीमा आणखी कडक लावायला हवी. झिवोट आणि अँड्र्यूज यांची चाचणी त्यासाठीच आहे, `urca` मध्ये ती `ur.za` या नावाने मिळते. लांब पल्ल्याच्या अंदाजासाठी मला या वादातला एकच मुद्दा कामाचा वाटतो. भूतकाळातले ब्रेक तुम्ही हाताने भरू शकता, पण पुढच्या दहा वर्षांत ब्रेक येणार नाही असं डिटर्मिनिस्टिक मॉडेल गृहीत धरतं, आणि पट्ट्यात त्याला जागा ठेवत नाही.

पायरी ५: दोन्ही मॉडेलं शेजारीशेजारी बसवा

```r
dt <- Arima(train, order = c(2, 0, 0), include.drift = TRUE, method = "ML")
st <- Arima(train, order = c(1, 1, 0), include.drift = TRUE, method = "ML")
f_dt <- forecast(dt, h = 48, level = 95)
f_st <- forecast(st, h = 48, level = 95)
```

दोन ओळींत फरक फक्त `order` चा. पहिलीत मधला आकडा ० आहे, म्हणून `include.drift` म्हणजे सरळ रेषा, आणि रेसिड्युअलला दोन मागच्या तिमाहींची साखळी. दुसरीत मधला आकडा १, म्हणून तोच पर्याय रँडम वॉकचा ड्रिफ्ट होतो. ही जोडी मुद्दाम निवडली आहे. पहिल्या मॉडेलमधला एक रूट नेमका १ ठेवला की दुसरं मॉडेल मिळतं. म्हणजे तुमचा सगळा निर्णय एका आकड्यावर आहे.

`method = "ML"` न लिहिल्यास पहिल्या ओळीवर कधीकधी ‘non-stationary AR part from CSS’ अशी चूक दाखवली जाते. ती आली तर वैतागू नका. रूट एकच्या अगदी जवळ आहे असा तो इशाराच आहे. `dt` छापल्यावर `ar1` आणि `ar2` यांची बेरीज करा. ती ०.९५ च्या वर असेल तर डिटर्मिनिस्टिक मॉडेलसुद्धा परतीला अनेक वर्षं लावणार आहे, आणि पायरी १ मधला ०.९ चा हिशेब त्याला लावता येणार नाही.

उलट बाजूची तपासणीही करा. `st` मध्ये एमएचं, म्हणजे मागच्या तिमाहीच्या धक्क्याचं, एक पद वाढवून, म्हणजे `order = c(1, 1, 1)` घेऊन पाहा. `ma1` उणे ०.९९ असा एकाला चिकटला तर गरज नसताना लागोपाठच्या तिमाहींमधला फरक काढला गेला आहे, आणि मालिका खरोखर रेषेभोवती फिरणारी असण्याची शक्यता बळावते.

नुसत्या `lm` ची रेषा पुढे ओढण्याचा मोह टाळा. ती शेवटच्या निरीक्षणापासून न निघता रेषेवरच्या बिंदूपासून निघते. शेवटचं निरीक्षण रेषेखाली ३ टक्के असेल, तर पहिल्याच तिमाहीच्या अंदाजात ३ टक्क्यांची उडी दिसते, आणि पट्टाही पहिल्या तिमाहीपासून दहाव्या वर्षापर्यंत जवळपास सारख्याच रुंदीचा राहतो. सादरीकरणात असा आलेख दिसला की समजावं, साखळी विसरली आहे.

पायरी ६: ड्रिफ्ट कुठून आला ते पाहा

रँडम वॉकच्या ड्रिफ्टचं सूत्र पाहिलंत तर थोडा धक्का बसेल: शेवटचं निरीक्षण वजा पहिलं निरीक्षण, भागिले मधल्या तिमाही. मधल्या २४२ निरीक्षणांचा त्यात काहीच वाटा नाही. १९४७ च्या पहिल्या ते २००७ च्या चौथ्या तिमाहीपर्यंत हा ड्रिफ्ट ०.८४ टक्के येतो, म्हणजे वर्षाला ३.४ टक्क्यांच्या जवळ. त्यामुळे मालिका कुठे सुरू करायची आणि कुठे थांबवायची, यावर दहा वर्षांचा अंदाज ठरतो. शिखरावर थांबलात तर वेग जास्त, खड्ड्यात थांबलात तर कमी. दोन्ही टोकं व्यापारचक्राच्या साधारण सारख्या टप्प्यावर ठेवा, आणि सुरुवात दहा वर्षं पुढेमागे करून ड्रिफ्ट किती हलतो ते तपासा.

पट्ट्याबाबतही जपून. एका तिमाहीची वाढ पुढच्या तिमाहीत साधारण एक-तृतीयांश झिरपते, त्यामुळे दहा वर्षांवरचा पट्टा ±१२.४ न राहता ±१७.५ टक्क्यांच्या आसपास जातो. `Arima` हे स्वतःच धरतं. ते धरत नाही ती ड्रिफ्टच्या आकड्यातली अनिश्चितता. साध्या रँडम वॉकसाठी `rwf(train, h = 48, drift = TRUE)` ती धरतं. `Arima` चा पट्टा मात्र किंचित अरुंदच समजा.

पायरी ७: निकाल प्रत्यक्षाशी ताडून पाहा

२००७ च्या शेवटच्या बिंदूपासून जुन्याच वेगाने रेषा पुढे ओढली, तर २०१९ च्या मध्याला प्रत्यक्ष जीडीपी त्या रेषेखाली १८ टक्क्यांच्या आसपास सापडतो. ±४.५ टक्क्यांच्या पट्ट्याला हे चारपट बाहेर. रँडम वॉकला २००९ च्या मध्याला, खड्ड्यात, उभं केलं आणि तोच ड्रिफ्ट दिला, तर दहा वर्षांनंतरचा त्याचा आकडाही दहा टक्क्यांहून अधिक जास्तच निघतो. मंदीनंतर वाढीचा वेगच वर्षाला ३.४ वरून २.३ टक्क्यांवर आला होता, आणि ते दोन्ही मॉडेलांना माहीत नव्हतं. पण रँडम वॉकचा पट्टा इतका रुंद होता की प्रत्यक्ष आकडा त्यात बसला.

माझ्या मते निवडीचा खरा निकष इथे आहे. मधल्या आकड्यात दोघेही चुकतील. प्रश्न हा, की तुमच्या पट्ट्याने त्या चुकीची कल्पना दिली होती का. पल्ला दोन वर्षांपेक्षा मोठा असेल, चाचण्यांचं एकमत नसेल आणि मालिकेला रेषेवर खेचून आणणारं ठोस कारण तुम्हाला सांगता येत नसेल, तर स्टोकॅस्टिक घ्या. असं कारण कधीकधी असतं: एखाद्या यंत्राची ठरलेली झीज, कराराने ठरलेली वार्षिक भाडेवाढ, किंवा धक्का पूर्णपणे तात्पुरता असल्याचा बाहेरचा पुरावा. वेगही बदलतो अशी शंका असेल तर ड्रिफ्टलाच रँडम वॉक करणारं लोकल लिनियर ट्रेंड मॉडेल आहे. त्याचा पट्टा मात्र दहा वर्षांवर इतका फाकतो की वाचणाऱ्याला तो निरुपयोगी वाटू शकतो.

मागे जाऊन तपासताना एक मर्यादा लक्षात ठेवा. `tsCV` ने शंभर-दीडशे ठिकाणांहून दहा वर्षांचे अंदाज काढता येतात, पण ते एकमेकांवर चढलेले असतात. साठ वर्षांत एकमेकांपासून वेगळे असे दहा वर्षांचे तुकडे सहाच बसतात. त्यामुळे सरासरी चुकीच्या दुसऱ्या दशांशावरून मॉडेल निवडू नका. पट्ट्याबाहेर किती वेळा गेलो एवढंच मोजा.

२०२० चं काय करायचं

२०२० नंतरची आकडेवारी घेणार असाल तर आणखी एक निर्णय वाट पाहत असतो. त्या वर्षीच्या दुसऱ्या तिमाहीत अमेरिकेचा जीडीपी सुमारे ८ टक्क्यांनी पडला आणि तिसऱ्या तिमाहीत जवळपास तेवढाच उसळला. जिथे एक टक्का हे प्रमाण विचलन आहे तिथे असे दोन बिंदू आले की सगळं बिघडतं: धक्क्यांचा अंदाजित आकार फुगतो, आणि लागोपाठ खाली-वर झाल्यामुळे `ar1` शून्याकडे किंवा उणेकडे सरकतो. दुसऱ्या तिमाहीनंतर लगेच रँडम वॉकने अंदाज काढला असता, तर ती तूट कायमची ठरली असती. धक्का टाळेबंदीचा होता आणि टाळेबंदी उठणार हे बाहेरून माहीत होतं, मालिकेला ते कळत नव्हतं.

अशा वेळी त्या तिमाहींसाठी डमी व्हेरिएबल बनवून ते `xreg` मध्ये द्या, म्हणजे गुणक आणि प्रमाण विचलन बाकीच्या आकडेवारीवरून निघतील. फरक काढलेल्या मॉडेलमध्ये एकाच तिमाहीचा १ आणि बाकी ० असा डमी म्हणजे तात्पुरती घसरण, आणि त्या तिमाहीपासून पुढे सगळे १ असा डमी म्हणजे कायमची. `Arima` मध्ये `xreg` चा फरक आपोआप काढला जातो, म्हणून डमी पातळीवरच लिहा, आधी फरक काढून देऊ नका. `forecast` ला पुढच्या तिमाहींचे डमीही द्यावे लागतात: तात्पुरत्यासाठी सगळे ०, कायमच्यासाठी सगळे १. यांपैकी कोणता निवडला आणि का, हे अहवालात आकड्याशेजारीच लिहा, तळटीपेत नाही.